दमा नं. १

वारजे, पुणे
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६
सकाळी

प्रिय अक्काला यमुनाचा नमस्कार.

गुडघ्याचं तेल पाठवलं होतं ते पोचलं का? नसेल तर पोस्टमनला झाप, मला नको. इकडे सगळं ठीक. डबे चालू आहेत. समाधान नाशिकला कंपनीत रुळलाय, फोनवर दोन वाक्यं बोलतो आणि ठेवतो. बापावर गेलाय.

फोन सोडून पत्र कशाला म्हणशील. तुझी सून फोन स्पीकरवर लावते, मग आपलं बोलणं सगळी आळी ऐकते. आणि मला आत्ता हाताला काहीतरी काम पाहिजे. पोहे भिजवले, ओटा पुसला, पुसलेला परत पुसला. म्हणून समाधानची जुनी वही घेऊन बसले. चुका काढू नकोस. मी चौथीपर्यंत तरी गेले, तू तिसरीतच मास्तरला कंटाळलीस.

मेहुणे फोनवर का येत नाहीत, असं तू तीनदा विचारलंस. हे बरे आहेत.

मी पळते हे तुला माहीत आहे. साखर निघाली तेव्हा डॉक्टरीण म्हणाली चाला. मला चालणं जमत नाही, चालता चालता पायच पळायला लागतात. टेकडीच्या रस्त्याला सकाळी पोरंपोरी पळायची, त्यांच्यात घुसले. आधी साडीवर पळाले, आता पंजाबी ड्रेसवर. बायकांत मीच पुढे असते. पुरुषांतही बरेच मागे असतात, पण ते बुटाची लेस बांधत असतात म्हणे.

आता पळायला काय लागतं, पाय लागतात. पण नाही. क्लब करायचा, आणि क्लबला नाव पाहिजे. इतके दिवस मोबाइलवरच्या ग्रुपला नुसतं ‘सकाळचं पळणं’ असं होतं. पुढच्या महिन्यात गावात मोठी शर्यत आहे, तिथे सगळ्यांनी मिळून नाव नोंदवायचं तर क्लबाचं नाव लिहावं लागतं. टी-शर्ट पण छापायचे. म्हणून मागच्या महिन्यात सोसायटीच्या हॉलमध्ये मीटिंग घेतली. चहा मी केला. साखर कमी पडली म्हणून सगळ्यांनी तोंडं केली. माझी साखर जास्त आहे म्हटलं, तुम्ही कमी प्या.

थांब, गॅलरीत जाऊन येते.

आले. काही नाही.

तर मीटिंग. शुभंकर म्हणून मुलगा आहे, कॉम्प्युटरच्या कंपनीत असतो, क्लब त्यानंच जमवलाय. तो म्हणाला, नाव वाचून नवीन माणसाला दोन गोष्टी कळल्या पाहिजेत. एक, ही माणसं बरी आहेत. दुसरी, मी मागे पडलो तर मला टाकून जाणार नाहीत. आमच्यात तशी रीतच आहे. पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा. आणि एक जण मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहतो, जो सगळ्यात हळू असेल त्याच्याही मागे. त्याला शेपूट म्हणतात. शेपूट आल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. मला शेपूट कधीच करत नाहीत. एकदा केलं होतं, मी सगळ्यांच्या आधी पोचले.

दिग्विजयनं पहिलं नाव टाकलं, वारजे वॉरियर्स. हा जिमवाला, दंड असे की बाहीत मावत नाहीत. उत्कर्षा म्हणून एक मुलगी आहे, फटकळ. ती म्हणाली, “पुण्यात इतके वॉरियर्स झालेत की लढायला शत्रू उरला नाही.” मग वेगवान वारजे आलं. मी म्हटलं नको. मग वादळ आलं. मी म्हटलं मुळीच नको. 

दिग्विजय चिडला. “काकू, सगळ्यांच्या पुढे तुम्ही पळता, आणि हळू नाव तुम्हालाच पाहिजे?”

मी म्हटलं, “पाहिजे. तुला काय त्रास आहे?”

मग हळू नावं सुरू झाली. हळूहळू, तर म्हणे दवाखान्याची रांग वाटते. कासव, तर स्वतःला कासव म्हणवून घ्यायला कोण येईल? सोबत, तर वृद्धाश्रमाची पाटी. गप्पाटप्पा, तर भिशीच्या बायका. मैत्री वाटली तर वेग दिसत नाही, वेग दिसला की शर्यत दिसते. कोणी म्हणे, नाव लांबून हाक मारता येईल असं पाहिजे. कोणी म्हणे, छातीवर मावलं पाहिजे. दिग्विजय तर उभाच राहिला आणि टेबलावर हात आपटायला लागला. मी ओरडले, “अरे, दमानं घे की जरा!”

शुभंकर म्हणाला, “काकू, हेच.”

मी म्हटलं, “हेच काय? मी त्याला झापतेय.”

“दमानं. हेच नाव.”

उत्कर्षा म्हणाली, दम म्हणजे श्वास आणि दम म्हणजे जोर पण. ‘दम आहे का’ म्हटलं की दिग्विजयला राग येतो, आणि ‘दमानं घे’ म्हटलं की आजीला बरं वाटतं. एका शब्दात दोघं बसले. दिग्विजयला त्यातला जोर तेवढा आवडला. ग्रुपवर मतं घेतली, दमानं निवडून आलं. दुसऱ्या दिवशी मैदानाच्या एका टोकाला शुभंकर, दुसऱ्या टोकाला मी, आणि हाका मारून बघितल्या. दमाऽऽनं! ऐकू येतं चांगलं. इंग्रजी अक्षरात लिहून पाहिलं तर एकानं दामने वाचलं, एकानं दमणे. म्हणून शर्टावर मराठीच छापायचं ठरलं.

मी एवढी भांडले का, हे तिथे कोणाला सांगितलं नाही. तुलाही नाही. आता लिहितेच.

हे बरे नाहीत अक्का. दिवाळीनंतर मार्केट यार्डात कांद्याचं पोतं पाठीवर असताना बसले ते उठले नाहीत. हृदयाच्या नळीत जाळी घातली. तुला कळवायचं नाही अशी शपथ घातली होती मला, म्हणून पाय मुरगळलाय सांगितलं. डॉक्टर म्हणतात आता धोका नाही, रोज चालवा. आणि हा माणूस जिना उतरत नाही. एवढी पोती वाहिलेला गडी, आता संडासला जाताना भिंत धरतो. भिंत धरायची गरज नाही, भीती धरलीय. कोणी भेटायला आलं तर झोपल्याचं सोंग घेतात. यार्डातली माणसं दोनदा दारातून परत गेली.

माझ्याबरोबर एकदा खाली आले होते. मी पुढे, हे मागे. मी वळून म्हणायची, चला की, चला की. गेटपाशी यांना धाप लागली, पायरीवर बसले. वॉचमननं पाणी दिलं. वर आल्यावर म्हणाले, “तुझ्यासंगं नाय यायचं मी. तू चालत नाहीस, हाकतीस.” त्यानंतर खाली गेलेच नाहीत.

म्हटलं, माझ्याबरोबर नाही तर या पोरांबरोबर तरी. शेपटाबरोबर. पण वादळ नाव असलेल्या क्लबात हा माणूस पाऊल टाकेल का? म्हणून भांडले.

नाव दमानं ठरलं तरी हे हलले नाहीत. सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं. भिंतीकडे तोंड. “पोरांच्या शर्यतीत मला कशाला नाचवतीस?”

मग झालं असं. छापणाऱ्यानं नमुन्याचा एक शर्ट पाठवला. शुभंकर तो आमच्याकडे ठेवून गेला, शब्द माझा म्हणून. घडी उघडली आणि कपाळावर हात मारला. त्या शहाण्यानं दमानं तोडलं. त्याला वाटलं नं म्हणजे नंबर. दमा, मग मोकळी जागा, मग नं, त्यापुढे टिंब, आणि नमुना म्हणून पुढे एक. छातीवर ही मोठी अक्षरं, ‘दमा नं. १’. खाली वारजे. वर फोन करून विचारतोय, बाकीच्या पेशंटांचे नंबर कधी देता?

मी फोनवर त्याचा उद्धार करत होते तेवढ्यात मागून आवाज आला. हे शर्ट हातात धरून उभे. भिंत सोडून उभे. हसत होते अक्का. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा.

“दमेकऱ्यांचा क्लब हाय व्हय हा? मला वाटलं तरण्या पोरांचा हाय.”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. तुला माहीत आहे, मी तोंड कधी मिटत नाही.

“सगळ्यांनाच धाप लागती?” म्हणाले.

मी म्हटलं, “लागते.” खोटं नाही, पळलं की लागतेच.

“आन् नंबर एक कुणाचा?”

“अजून कोणाचा नाही.”

शर्ट घालून बघितला. बसला बरोबर. म्हणाले, “मग रविवारी जाऊन बघतो. पण तू यायचं नाहीस.”

आज तो रविवार. उजाडताच गेलेत, तोच शर्ट घालून. मी शुभंकरला आधीच बजावलंय, शर्टाला हसलात तर गाठ माझ्याशी आहे, आणि शेपूट शहाणा दे. त्यानं स्वतःच शेपूट व्हायचं कबूल केलं. गोळी खिशात दिलीय, शुभंकरलाही दाखवलीय. यांनी फोन मात्र घरीच ठेवला, मुद्दाम, मी करीन म्हणून.

आता वाटतं, सांगायला हवं होतं. तिथे जाऊन बघतील, सगळे धडधाकट. ती काडीसारखी उत्कर्षा, तो दिग्विजय. फसवलं म्हणतील. परत भिंतीकडे तोंड केलं तर या वेळी मी कशानं वळवू? वाटेतच बसले असतील का? परत यायला एवढा वेळ लागत नाही. चपला घातल्या, काढल्या. दाराला कुलूप लावून दोन पायऱ्या उतरले, परत चढले. यायचं नाही म्हणालेत. गेले तर मी हाकणार, मला माहीत आहे.

थांब. खाली कोणीतरी मोठ्यानं बोलतंय.

गॅलरीतून बघितलं. गेटपाशी आहेत. बसलेले नाहीत, उभे आहेत, आणि दिग्विजयला पोतं पाठीवर कसं घ्यायचं ते वाकून दाखवतायत. नुसत्या हातांनी, पोतं नाही. डॉक्टरनं वाकायला मनाई केलीय, आणि हा माणूस वाकून दाखवतोय. ओरडणार होते. गॅलरीची कड घट्ट धरली आणि ओरडले नाही. यांचं वाक्य वरपर्यंत ऐकू आलं, पूर्ण, मध्ये कुठेही न तुटता. “मला कळलं शर्टाचं,” म्हणत होते, “तुमच्यातला एकबी दमेकरी न्हाई. पर शर्ट मी देनार न्हाई.”

मग वर बघून म्हणाले, “अगं, पोहे वाढव. पाच जण वर येतायत.”

पाच जण. आमच्या घरात.

आता उठते. हे जिना चढून येतील तोवर मी दारात जाणार नाही, स्वयंपाकघरातच उभी राहणार आहे. ते फार अवघड आहे, एवढं फक्त तुला सांगते.

जिन्यातल्या पावलांकडे कान लावून असलेली
तुझी धाकटी
यमुना