शेवटचं पान ताईकडे

केप कोस्ट,
१२ जानेवारी १९९८

ती. अराबाताईस,
एकोचा सा. न. वि. वि. (यातला ‘साष्टांग’ खराच आहे. काउंटरखाली बसून लिहितोय.)

सहारा वाळवंटाची धूळ यंदा लवकर आली. दुकानातल्या पुस्तकांच्या कडा पुसून पुसून हात सोलले. तू पाठवलेलं शियाच्या बियांचं तूप चोळतो.

खरी बातमी आता सांगतो. रागावू नकोस. गुरुवारी अमिसा सर दुकानात आले. होय, तेच. आपले हेडमास्तर. काठी टेकत आले, मला ओळखलं नाही. मी कपाटामागे गेलो. चाळिशीचा माणूस पहिलीतल्या पोरासारखा लपला, हस बाई.

तुला माहीत आहे, गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून काउंटरवर चिठ्ठ्या ठेवतो. काय आवडतं असं मी कधीच विचारत नाही, त्यावर सगळे खोटं लिहितात. एवढंच विचारतो की कोणतं पुस्तक अर्धवट सोडलंत आणि कोणत्या पानावर. सरांनी तीन नावं लिहिली आणि तीन पानं. बायको गेली, मुलगी कॅनडात, ती पत्र लिहीत नाही, हे चिठ्ठीच्या मागे न विचारता लिहिलं. ते गेल्यावर मी तिन्ही पुस्तकं काढून ती ती पानं वाचली. तिन्हींत घरातली माणसं जेवायला बसली होती.

त्यांना पुस्तक द्यायचं की नाही, तू सांग.

तुझा भित्रा
एको

●

तमाले,
२० जानेवारी

चि. एकोस,
अ. आ. आणि पाठीत एक धपाटा.

तुझं पत्र वाचलं आणि मशीनखालचं कापड तसंच टाकून उठले. गिऱ्हाइकाचा झगा वाकडा शिवला गेला, ते पापही अमिसाच्याच नावावर.

तू विसरलास का रे? मी विसरले नाही. परीक्षेला तीन महिने होते. अभ्यासाच्या तासाला कादंबरी वाचताना धरलं मला, आणि सकाळी साऱ्या शाळेसमोर उभं करून माझ्याच हातांनी ती फाडायला लावली. एकेक पान. वर म्हणाला की ही मुलगी कापडच बेतणार, तिला पुस्तकं कशाला? पोरी हसल्या. त्या आठवड्यात मी मावशीकडे तमालेला आले ती इथलीच झाले. आणि बघ, कापडच बेततेय! त्याचं म्हणणं खरं ठरलं, याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

जेवणाऱ्या माणसांची पानं वाचवत नाहीत म्हणे. बरं झालं. एकट्यानेच गिळ म्हणावं. तू पुस्तक दे, पण शेवटची सोळा पानं कापून दे. त्यालाही कळू दे अर्ध्यावर सोडलं की कसं वाटतं. एवढं केलंस तर माझा भाऊ.

लोभ आहे, पण या खेपेला त्याला अट आहे.
तुझी
अराबाताई

●

केप कोस्ट,
३० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुस्तक कापणं मला जमणार नाही. कात्री हातात घेतली आणि ठेवली. पण जे केलं ते वाच.

अशा माणसाला भरल्या घराची गोष्ट देऊन चालत नाही, ती जखमेवर मीठ चोळते. एकटेपणाची दिली तर तो पहिल्याच दिवशी मिटून ठेवतो. त्याला हवा एक हट्टी माणूस, रोजचं काम असलेला, आणि ज्याच्यावर वाचणाऱ्याला चिडता येईल असा. प्रकरणं छोटी हवीत, कारण तो खुर्चीतच डुलकी घेतो. टाइप मोठा हवा, आणि पुस्तक हलकं, कारण सरांची बोटं वाकडी झालीत. हे सगळं मांडलं आणि माझ्या दुकानात एकच पुस्तक उरलं. ‘खाडीवरचा नावाडी’. नावाडी साऱ्या गावाला पलीकडे नेतो, पण त्याची लेक त्याच्या होडीत पाय ठेवत नाही.

होय, तुझीच प्रत. त्या दिवशी मैदानातून मी पानं गोळा केली होती. पिठाच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालून, पातळ कागदाच्या पट्ट्या लावून एकेक पान चिकटवलं. माझी पहिली डागडुजी. त्यातूनच पुढे हे दुकान उभं राहिलं. फक्त शेवटचं पान नव्हतं, आणि ते कुणाकडे असेल याचा मला अंदाज होता. पुस्तकातला दोष लपवायचा नाही हा माझा नेम, म्हणून आत पेन्सिलीने लिहून दिलं: शेवटचं पान नाही. सर म्हणाले की शेवटात असतं काय, मी सांगतो कसा होतो ते. आणि घेऊन गेले.

चौथ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी पायरीवर हजर. दाढी केलेली नव्हती. ती होडीत बसली की नाही, एवढंच विचारत राहिले. मी पहिल्यांदा तोंड उघडलं आणि म्हणालो की ते पान एका बाईकडे आहे, तिचं नाव पुठ्ठ्याच्या आत आहे. त्यांनी उघडलं. ‘अराबा, फॉर्म चार.’ तुझं नाव आणि तेव्हाची इयत्ता. मग पानांच्या फाटक्या कडांवरून बोट फिरवत स्टुलावर बसले ते दुपारपर्यंत उठले नाहीत.

हे पुस्तक त्यांच्यासाठी योग्य होतं म्हणून मी दिलं. आणि त्यांना लागावं म्हणूनही दिलं. मी दिसतो तितका गरीब नाही, ताई.

एको

●

तमाले,
३ फेब्रुवारी

चि. एकोस,
आज नुसते आशीर्वाद नाहीत, कडकडून मिठी.

पान माझ्याकडेच आहे. फाडताना बाहीत सरकवलं होतं. सत्तावीस वर्षं मशीनच्या खणात घडी करून ठेवलंय. मी ते वाचलेलं नाही. मागचं सगळं फाडून टाकल्यावर शेवट वाचून काय करू?

पाकिटात घालून, डिंकाने बंद करून आपली पत्रं नेणाऱ्या बस ड्रायव्हरच्या हाती देतेय. अमिसाला सांग: शनिवारी, ऐन बाजाराच्या वेळी तुझ्या पायरीवर उभं राहायचं. कुणाचं पान, कुणी फाडायला लावलं आणि त्या मुलीला काय म्हणाला, हे शाळेतल्या त्याच आवाजात सांगायचं. मग वाचायचं. नाही म्हणाला तर त्याच्यासमोर काडी लाव. धीर होत नसेल तर डोळे मिट, पण लाव.

अराबाताई

●

केप कोस्ट,
८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काडी लावावी लागली नाही.

बाजार तुडुंब होता. सर शाळेचा जुना कोट घालून आले. लोकांना गप्प करायचं काम माझ्यावर आलं, आणि मी ओरडलो. मी! मक्याचे केंकी-गोळे विकणारी म्हणाली की हा मुका कधी बोलायला लागला?

त्यांनी सगळं सांगितलं. तुझं नाव, इयत्ता, आणि ते कापडाचं वाक्य जसंच्या तसं. एक मासळीवाली मोठ्याने म्हणाली की शरम नाही वाटली का हो मास्तर? ते म्हणाले की वाटायला सत्तावीस वर्षं लागली. पोरं हसली. त्यांनी हसू दिलं. मग पाकीट फाडून वाचलं. शेवटच्या चार ओळी चष्मा काढून पुसून पुन्हा वाचल्या.

शेवट काय आहे ते मी लिहीत नाही. न वाचलेल्या माणसाला सांगायचा नाही, हाही माझा नेम. तू पान वाचण्याआधीच बंद करून पाठवलंस, त्याअर्थी तुला घाई नाही.

पान मी पुस्तकात चिकटवू का? आणि सर विचारतात की पुस्तक त्यांना विकत मिळेल का. तू म्हणशील तसं.

एको

●

तमाले,
१५ फेब्रुवारी

चि. एकोस,
अ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पोरं हसली तिथे मला फार बरं वाटलं, ते मी लपवत नाही. चष्मा पुसला तिथे नाही वाटलं. त्याचाही मला राग आला.

पान चिकटव. खळीत मोरचूद घालायला विसरू नकोस. पुस्तक विकायचं नाही, ते माझं आहे. त्याला पंधरा दिवसांपुरतं उसनं द्यायचं. मुदत संपली की त्याने स्वतः दुकानात यायचं, तुझ्यासमोर स्टुलावर बसून चिठ्ठीवर माझं पूर्ण नाव लिहायचं, आणि मगच पुढचे पंधरा दिवस. पाय चालतात तोवर ही शिक्षा. तुलाही तेवढंच बोलायला शिकता येईल.

आणि लेक होडीत बसली की नाही, ते मला त्यानेच पत्राने कळवायचं. स्वच्छ अक्षरात, समास सोडून. लाल शाई मी आणून ठेवली आहे. चुका काढून परत पाठवीन, मग त्याने सुधारून पुन्हा लिहायचं.

कळावे. लोभ होता तेवढाच आहे, फक्त आता बिनअटीचा.
तुझी
अराबाताई