वजन चौथ्या भागावर

तासगाव,
२ एप्रिल २०२५

प्रिय क्रांतीताई,

तू, दाजी आणि बाळ मजेत असाल. इथे शेडवर बेदाण्याची घाई चालू आहे.

आधी आनंदाची बातमी. सांगलीच्या छायाचित्र स्पर्धेत माझ्या फोटोला पहिला नंबर मिळाला! आई द्राक्षं वाळवायच्या जाळीच्या रॅकजवळ उभी आहे, ओंजळीत बेदाणे. फोटोखाली तीस शब्दांत ओळी लिहायच्या होत्या. मी आधी लिहिलं होतं, ‘आई, तुझ्या त्यागाला सीमा नाही, तुझ्या मायेचं ऋण फिटणार नाही.’ आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “ही कुनाची बी आई हाय. ह्यात माजं काय हाय गं?”

मग त्याग, माया, ऋण सगळं खोडलं. तिच्या हातातलंच धरायचं ठरवलं. मध्येच ‘दिव्यासारखी जळली’ असं सुचलं. पण शेडमध्ये दिवा कुठून आला? तेही काढलं. शेवटी ‘तशीच माझी आई’ लिहिलं होतं, त्यावरही काट मारली. फोटोत ती आहेच की. उरलं ते हे:

‘पंधरा दिवस जाळीवर.
ऊन नाही, नुसता वारा.
पाणी गेलं. साल आकसली.
वजन चौथ्या भागावर आलं.
गोडी होती तेवढीच आहे.’

काल तुला ओळींसकट फोटो पाठवला आणि तुझा एकच प्रश्न आला, ‘रेश्मा, आई एवढी कशाने वाळली?’

ताई, मी त्या ओळींत आजाराचं नाव कुठेच घेतलं नव्हतं. तरी तू नेमकं तेच वाचलंस. फोनवर सांगायला गेले तर रडेन, म्हणून लिहिते.

आईला कॅन्सर झाला होता. ऑगस्टपासून मिरजेला उपचार चालले. तुझी आधीची दोन गरोदरपणं अर्ध्यात गेलेली, डॉक्टरांनी तुला पडून राहायला सांगितलेलं. आईनं मला शपथ घातली, “पोरगी सुटंस्तवर तिला कळता कामा न्हाई.” तू फोन केलास की मी म्हणायचे, आई रानात गेलीय. ती शेजारच्या खाटेवर असायची. बाळाच्या बारशालाही ती आली नाही म्हणून तू तिच्यावर रुसलीस, ते तिनं मुकाट्यानं सोसलं. चूक माझी. बाळ झाल्यावर तरी मी सांगायला हवं होतं.

आता ऐक. मागच्या आठवड्यात रिपोर्ट स्वच्छ आले! डॉक्टर म्हणाले, आता फक्त तपासणीला यायचं. आई सध्या दोन वेळा भाकरी खाते आणि शेडवर बायकांना ओरडतेसुद्धा.

बक्षिसाला तीच माझ्याबरोबर स्टेजवर चढली, कुणाचाही हात न धरता. माईक घेऊन पाच ओळी स्वतः वाचल्या आणि म्हणाली, “हे माज्यावर लिवलंय. समदं खरं हाय.” सगळं सभागृह उभं राहिलं. मी तर टाळ्या वाजवायचंच विसरले.

रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही साताऱ्याला येतोय. नातवाला मांडीवर घ्यायला आईनं नवं लुगडं काढून ठेवलंय. तुला माझ्यावर चिडायचं असेल तर चीड, मी गप ऐकेन. पण आईला आधी आत घे.

आठ महिने तुझ्याशी खोटं बोललेली आणि आज सगळं सांगून मोकळी झालेली,
तुझी रेश्मा