तुझा अर्ज आणि माझा नकार

मुली, आधी घटना, घडल्या त्या क्रमाने. औरादच्या आपल्या शाळेच्या दाखल रजिस्टरात तुझे नाव मुलाचे म्हणून मी स्वतःच्या अक्षरात लिहिले. सोळाव्या वर्षी तू मला सांगितलेस की तू मुलगी आहेस. मी शिवणाच्या कात्रीने तुझे केस कापले आणि तू हलू नयेस म्हणून मान दाबून धरली. तू कलबुर्गीला गेलीस. तिथल्या तृतीयपंथी गुरूने डोक्यावर ओढणी घालून तुला चेला केले, नाव दिले. दोन वर्षांनी तू साडी नेसून शाळेत आलीस, मी हेडबाई म्हणून बसत होते त्या टेबलाशी, अर्ज घेऊन. वर्षभरात काविळीने गेलीस. त्याला पंधरा वर्षे झाली. आज तुझा वाढदिवस आहे.

अर्ज नव्या नावाने दाखला मिळावा म्हणून होता. विद्यार्थ्याने शाळा सोडल्यावर नोंद बदलण्याचा अधिकार मला नव्हता, हे खरे. शिफारस करून तो वरच्या कार्यालयाकडे पाठवणे मात्र माझ्या हाती होते. मी तो हातातही घेतला नाही. म्हणाले, "कागद बदलून देह बदलतो का?"

तू शांतपणे विचारलेस, "मग तू कामून भांडलीस, आई?"

आपल्या वस्तीने धर्मांतर केल्यावर वस्तीतल्या मुलांच्या नावापुढे 'बौद्ध' लिहावे म्हणून मी त्याच टेबलाशी भांडले होते. तेव्हाचे हेडमास्तर हसले होते, "कागद बदलून जात जाती का, बाई?" तू पाच वर्षांची, माझा पदर धरून उभी होतीस. त्यांचे वाक्य मी जन्मभर तिरस्काराने सांगत आले, आणि तुला तेच ऐकवले. माझ्यासारख्या काटेकोर बाईला ही चूक शोभत नाही. मी चुकले. केसांबद्दल चुकले, अर्जाबद्दल त्याहून जास्त.

तू गेल्याचे सांगायला तुझी गुरू आली. "तुमची लेक गेली." मी सुधारले, "मुलगा." ती उंबऱ्यातच थांबली. "मास्तरीणबाई, तुमच्या रजिस्टरात न्हाई म्हणून ती न्हवतीच व्हय?" आणि तुझी पत्र्याची पेटी ठेवून गेली. अर्ज पेटीत होता, चार घड्यांचा.

आज सकाळी मी खीर केली, मेणबत्ती लावली, बुद्धवंदना झाल्यावर घरी जमलेल्या सगळ्यांसमोर तुझे नाव घेतले, तू निवडलेले. तुझा भाऊ पुटपुटला, "लोक हसायलेत, आई."

"हसू देत. माझ्या लेकीचा वाढदिवस आहे. ज्याला खीर नको त्याने उठावे."

कोणी उठले नाही. अर्जावर मी शिफारस लिहून सही केली आहे. कोणत्याही कार्यालयात आता त्या सहीला किंमत नाही, म्हणून ती कोणी खोडूही शकत नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. कबूल करते, पत्ता होता तेव्हाही मी साधे कार्ड टाकले नाही. तरी तुझे म्हणणे मला हवे आहे. माफी नाकारायची असेल तर कारणासह नाकार. तोंडी चालणार नाही. लेखी उत्तर दे, आणि खाली तुझ्या नावाची सही कर.