चित्राखालचा धडा

८ नोव्हेंबर १९०३

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि. चिमणी खुशाल आहे. ती इथे माझ्याकडे शिकायला आल्यापासून दुकानांच्या पाट्या, पुड्यांचे कागद, दवाखान्याच्या भिंतीवरची सूचना, सारं वाचते आणि अर्थ विचारून मला भंडावून सोडते. काल बर्फ म्हणजे काय ते विचारत होती. आमच्या तिसरीच्या वाचनमालेत परदेशातला मेंढपाळ बर्फातून मेंढ्या नेतो. मी तरी बर्फ कुठे पाहिलाय?

परीक्षा जवळ आली. इन्स्पेक्टरसाहेब येतात, प्रत्येक मुलाला वाचनमाला कुठेतरी उघडून देतात, चार-पाच ओळी वाचून घेतात. मग शुद्धलेखन, मग गणित. जितकी मुलं पास, तितकी सरकारी ग्रँट, आणि ग्रँटवर आमचे पगार. यंदाची शाळा सुरू झाली तेव्हा मी मुलांना झाडं, ढग, गावाचा नकाशा शिकवत होतो. हेडमास्तरांनी एक दिवस दारात उभं राहून ऐकलं आणि म्हणाले, मास्तर, ढगांना ग्रँट नाही. तेव्हापासून वर्षभर तेच एक पुस्तक.

मुलांना पाठ करायला मी एक युक्ती काढली आहे. प्रत्येक धड्यावर चित्र आहे. चित्रावर बोट ठेवायचं आणि धडा म्हणायचा. आता जहाज दिसलं की सारा वर्ग घडाघडा सुरू होतो. फक्त तुझी लेक शब्दाचा अर्थ शोधत मधेच थांबते. मला रात्री झोप येत नाही.

दाजींना नमस्कार सांग. तुझ्या या भित्र्या भावाला विसरू नकोस.
धाकटा

१९ नोव्हेंबर १९०३

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. तू लहानपणी दाराला कडी लावल्यावर तीनदा उठून बघायचास, तसाच राहिलास. मॅट्रिकला दोनदा आपटलास तेही पेपर तपासत बसून शेवटचा प्रश्न राहिला म्हणून.

पण आता माझीही झोप उडाली आहे. तुझ्या दाजींनी परवा जेवताना स्पष्ट सांगितलं की पोरगी तिसरी पास झाली तर पुढे शिकू दे, नापास झाली तर घरी आण, चूल-पाणी शिकव, पुढच्या वर्षी स्थळ पाहू. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? तिला यातलं काही सांगू नकोस. तिला थांबू नकोस म्हणावं, एवढंच.

जेवत जा वेळेवर. तुझ्या पत्राची वाट पाहणारी,
ताई

४ डिसेंबर १९०३

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि. घाईत लिहितोय, अक्षर वेडंवाकडं आलं तर रागावू नकोस.

काल परीक्षा झाली. साहेबांचे आपली भाषा जाणणारे मदतनीस तापाने पडलेले, म्हणून साहेब एकटेच आले. त्यांना आपली भाषा कामापुरती येते. त्यांनी स्वतःच्या पेटीतून वाचनमाला काढली. ती नवी आवृत्ती होती, ताई. आमच्याकडे थोरल्या भावंडांची जुनी पुस्तकं. चित्रं तीच, पण धड्यांच्या जागा बदललेल्या. जहाजाच्या चित्राखाली आता सरकारने केलेल्या टपालाच्या सोयीचा धडा आहे.

पहिल्या मुलाने चित्र पाहिलं आणि जहाजाचा धडा घडाघडा म्हटला. साहेब घड्याळाकडे बघत, मान डोलवत होते. पास. दुसरा, पास. सगळे न अडखळता चुकीचं वाचत गेले आणि पास होत गेले. मग चिमणी. तिने चित्र पाहिलं, खालच्या ओळी पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि समोर जे छापलं होतं ते एकेक शब्द जुळवत वाचलं. चूक एकही नाही. पण अडखळली. साहेबांनी नापास लिहिलं.

घरी येताना ती म्हणाली, मामा, त्या सगळ्यांना वाचता येत नाही का? मी तिला भरभर चालायला सांगितलं.

साहेब आठवडाभर डाकबंगल्यात आहेत. सांगितलं तर फेरपरीक्षा होईल, पण मग सारा वर्ग उघडा पडेल. हेडमास्तर म्हणतात, एका पोरीसाठी माझ्या पाच पोरांच्या पोटावर पाय देऊ नका. ते खोटं बोलत नाहीत. काय करू, ते लगेच कळव.
धाकटा

७ डिसेंबर १९०३

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. तुझं पत्र मी माजघरात दार लावून वाचलं. तुझ्या दाजींना अजून बोलले नाही.

तू मला विचारायला नको होतंस. आई म्हणून विचारशील तर आत्ता ऊठ आणि डाकबंगल्यावर जा असं म्हणेन. पण त्या हेडमास्तरांच्या बायकोनेच गेल्या साली तुझ्या तापात उशाशी बसून पेज भरवली, हेही मला ठाऊक आहे. माझ्या पोरीसाठी कुणाचं वाईट कर, असं मी लिहिणार नाही. गप्प बस, असंही माझ्याच्याने लिहवत नाही.

पोरीच्या प्रश्नाचं उत्तर तेवढं दे. तिला उत्तर मिळाल्याशिवाय राहवत नाही हे तुला माहीत आहे.
ताई

१२ डिसेंबर १९०३

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि. तिला उत्तर दिलं. नाही म्हटलं, त्यांना वाचता येत नाही, मी शिकवलंच नाही. मग तिला घेऊन डाकबंगल्यावर गेलो. पायरीवरून तीनदा परत फिरलो.

सगळं सांगितलं तेव्हा साहेब आधी हसले, मग लालबुंद झाले. दुसऱ्या दिवशी मदतनीसांसह आले आणि चित्रांवर कागद धरून वाचून घेतलं. चिमणी पास. तिच्याखेरीज दोघं. बाकी वर्ग रडत घरी गेला. ग्रँट कापली, हेडमास्तरांनी मला काढलं. किल्ल्या देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांच्या बायकोने मात्र चिमणीच्या हातात गुळाचा खडा ठेवला, आणि तेच मला जास्त लागलं.

साहेबांना मी विचारलं की पुढच्या वर्षी अनोळखी पान वाचायला द्याल का. ते म्हणाले, नियमात तशी सोय नाही.

आम्ही सोमवारी येतो. दाजींना सांग, पोरगी पास आहे आणि मामा नापास. चिमणीला पुढे शिकता यावं म्हणून शहरातल्या शाळेजवळ मी काही काम शोधीन. तोवर आम्हा दोघांना थोडी जागा ठेव.
धाकटा

२१ जून १९४९

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि. तुमचे डोळे कसे आहेत? शेजारच्या लहान मुलाकडून हे पत्र वाचून घ्याल, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे.

साहेब गेले, राज्य आपलं झालं, आणि तिसरीचं नवं पुस्तक करणाऱ्या समितीवर शाळातपासनीस म्हणून मला घेतलं. बर्फातला मेंढपाळ मी काढला. त्यावरच दोन बैठका गेल्या. मग मी म्हटलं, परीक्षेत न शिकवलेलं पान वाचायला द्या. अध्यक्ष म्हणाले, बाई, निकाल खाली येईल, लोकांना काय सांगायचं? मतं घेतली. माझ्या बाजूने मी एकटी. पुस्तक आपलं, परीक्षा साहेबांचीच.

शेवटी निघता निघता सुचवलं की दरवर्षी नव्या छपाईत चित्रांच्या जागा बदलाव्यात, पुस्तक ताजं दिसतं. एकमताने मंजूर. तुम्ही हसाल याची खात्री आहे.

काल त्या पुस्तकाची यंदाची नवी छपाई घेऊन पहिली शाळा तपासली. भिंतीशी उभे तरुण मास्तर रुमालाने तळहात पुसत होते. तीन मुलांनी चित्र पाहून गेल्या वर्षीच्या छपाईतला धडा घडाघडा म्हटला. चौथी मुलगी छापलेलं वाचताना अडखळली. मास्तरांनी डोळे मिटले. मी घड्याळ पर्समध्ये ठेवलं आणि तिचं वाचून होईपर्यंत थांबले.

मग मास्तरांना जवळ बसवून घेतलं. तुम्ही तेव्हा मला दिलेलं उत्तर त्यांना सांगितलं, बाकीचं भेटीत सांगेन. तुमच्याकडूनच शिकलेलं आहे.

उत्तर पाठवाल ना? तुमच्या हातचं, दोन ओळींचं का होईना.
चिमणी