दक्षिणेकडं तोंड केलेला दिवा

१७ ऑक्टोबर, वसुबारस

भाची घरी आली. मैत्री. पाच वर्षांची. माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी — आणि मी तिला आज पहिल्यांदा पाहिलं!

ज्योत्स्नानं प्रसेनजितशी लग्न केलं. तो बौद्ध. बाबांनी त्या दिवशीच तिला दार बंद केलं. बाबा गेले, तरी मी ते उघडलं नाही. ती वाशिमला, आम्ही अनसिंगला, असं काय अंतर आहे? पण ती आली नाही, आम्ही गेलो नाही. आणि आता एकदम पोरगी दिवाळीला! प्रसेनजितनं तिला बसस्टँडवरच आईच्या हाती दिलं अन् तिथूनच परत गेला.

"पोरीले आपली दिवाळी पाहाची हाय," आई म्हणाली. बस, एवढंच.

आत्ताच काहून? बाबांच्या मागे सातबाऱ्यावर वारसांची नावं चढायची आहेत. बहिणीचाही हक्क लागतो. मागायला तोंड नाही म्हणून आधी लेकरू पाठवलं असणार. बघू.

१८ ऑक्टोबर, धनतेरस

सकाळी बायकोनं, रंजीतानं, सडा टाकला आणि ओल्या अंगणात रांगोळी घालायला बसली. मैत्री तिच्या मांडीला चिकटून. मी सोयाबीनच्या पोत्यांपाशी होतो.

"मामा, रांगोळी कायले काढता?"

"लक्ष्मी येते म्हणून."

"तिले घर माहीत नाही काय?"

बायको हसली. म्हणाली, "माहीत हाय गं. पण घर झाडलं, लोक उठले, आता या — हे दारानं सांगाव लागते ना." मग चिमटीतून पीठ कसं सोडायचं ते दाखवलं. अंगठा अन् बोट, हात हलवायचा, चिमूट घट्ट धरायची नाही. ठिपके आधी, रेघा मागून. शेवटी हळदीकुंकवाची बोटं, नुसती पांढरी रांगोळी ठेवायची नाही. "पहिले लोक तांदळाचं पीठ घालत. मुंग्या खात, चिमण्या खात. दारी आलेला जीव उपाशी जाऊ नाही."

"अन् आता?"

"आता दगडाची भुकटी."

"मंग मुंग्या फसतात!"

रंजीता उठून घरातून तांदळाचं पीठ घेऊन आली! माझ्या बायकोला ह्या पोरीचा इतका लळा एका दिवसात?

पोरगी पुढे म्हणते, "आमी बी काढतो रांगोळी. चौदा एप्रिलले. बुद्ध पौर्णिमेले दिवे बी लावतो." हे कोणी शिकवून पाठवलं का? मला ऐकवायला?

संध्याकाळी यमदीप. आईनं कणकेत हळद घालून दिवा केला. तेल घातलं, दाराबाहेर ठेवला, वात दक्षिणेकडं.

"तिकडं काहून तोंड?"

म्हटलं, तिकडं यमराज राहतो. एरवी दिव्याचं तोंड तिकडं करत नाहीत, फक्त आज. त्याला सांगायचं की बाबा, तुझा मान ठेवला, आता आमच्या घरच्या कोणाला वेळेच्या आधी नेऊ नको.

ती दिव्याजवळ उकिडवी बसली. मग हळूच म्हणाली, "दुसऱ्या घरच्या माणसासाठी लावला तं चालते काय?"

"कोणासाठी?"

तिनं तोंडावर हात ठेवला. "मम्मीनं सांगू नको म्हनलं."

काय सांगू नको? मी पुन्हा विचारलं तर आईनं तिला उचलून आत नेलं. थोड्या वेळानं बाहेर येऊन पाहतो तर उरलेल्या कणकेचा एक वाकडा दिवा शेजारी जळत होता. तेल गळून अर्ध्या ओट्यावर पसरलेलं.

१९ ऑक्टोबर

पोरगी फोनवर बापाशी कुजबुजते. मी दिसलो की गप्प. रंजीताही गप्प. आईही.

२० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी

उजाडायच्या आत उटणं, आंघोळ. अंगठ्यानं कारीट फोडायला लावलं, बी बाहेर उडालं तशी किंचाळली. नरकासुराची गोष्ट सांगितली. त्यानं सोळा हजार बायका कोंडून ठेवल्या होत्या, कृष्णानं सोडवल्या, म्हणून दिवे.

"त्या मंग आपआपल्या घरी गेल्या?"

"नाही. त्यांच्या घरच्यांनी त्यांना घेतलं नाही."

"काहून?"

तिला कोणी हे विचारायला लावलंय का — असं वाटून गेलं. मग मीच सरळ विचारलं, "मम्मी शेताबद्दल काही बोलली?"

"शेतात मोर येते का, मामा?"

पाच वर्षांचं पोर इतक्या सफाईनं विषय बदलतं?

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

आज कळलं.

पणत्या सकाळपासून पाण्यात होत्या — कोरी पणती तेल पिते. मैत्री एकेक पुसून मला देत होती. उंबऱ्याशी रंजीता तिच्याकडून लक्ष्मीची पावलं काढून घेत होती. मूठ पाण्यात कालवलेल्या पिठात बुडवून कडेनं टेकवायची, वर बोटांचे पाच ठिपके. पावलं आत येणारी. बाहेर जाणारी नाही.

"मामा, आज एवढे दिवे काहून?"

म्हटलं, आज अमावस्या. चंद्र नाही. वर्षातला मोठा सण अन् नेमका काळोखात, म्हणून दारात, खिडकीत, तुळशीपाशी, विहिरीपाशी, गोठ्यात, सगळीकडं दिवा. म्हणजे कोणाला भीती वाटू नये.

"मंग दवाखान्यात बी लावा लागते. मम्मीले तिथं अंधारात भेव वाटते."

हातातली पणती तशीच राहिली. "कोणता दवाखाना?"

आईनं डोळ्यांना पदर लावत सांगितलं. ज्योत्स्नाच्या हृदयाचा व्हॉल्व्ह खराब आहे. नागपूरला भरती आहे. शुक्रवारी ऑपरेशन.

"मले काहून नाही सांगितलं?"

"सांगून काय केलं असतं तुमी?" रंजीता म्हणाली. माझ्याकडं न बघता. "तिचं म्हननं एकच होतं. काही कमीजास्त झालं तं पोरीले आजोळ ओळखीचं असाव. दार, अंगण, मामा. बस."

मी काय समजत होतो! मोर येतो का विचारत होती पोर. मोर येतो, म्हणून सांगितलं तिला. संध्याकाळी दाखवायचं कबूल केलं होतं, अंधार पडला, राहून गेलं.

२२ ऑक्टोबर, पाडवा

दिवसभर रंजीतानं करंज्या डब्यात भरल्या. उद्या पहाटेच्या गाडीनं चौघेही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज, नागपूर

ज्योत्स्ना किती वाळली आहे. मला पाहून म्हणाली, "आला का रे?" जसा मी रोजच येतो.

ताट आईनं सोबत घेतलंच होतं. निरांजन लावू दिलं नाही — वॉर्डात ऑक्सिजन आहे, सिस्टर रागावली. मग ज्योत्स्नानं सुपारी आणि अंगठी हातात धरून तसंच ओवाळलं. मैत्रीनं विचारलं, दिवा नाही तर चालते का? ज्योत्स्ना म्हणाली, "भाऊ आला ना. चालते."

ओवाळणी काय घालावी सुचेना. म्हटलं, सातबाऱ्यावर तुझं नाव लावतो. ती म्हणाली, "येड्या, मले शेत नको." आणि डोळे मिटले.

प्रसेनजित दाराशी उभा होता. आत आला नाही, मी बोलवेपर्यंत.

२४ ऑक्टोबर, नागपूर

ऑपरेशन झालं. व्हॉल्व्ह बसला. डॉक्टर म्हणाले, धोका टळला.

प्रसेनजितनं चहा आणला. मैत्री माझ्या मांडीवर झोपली होती. बोलायला काही तरी हवं म्हणून मी म्हटलं, नाव छान ठेवलं पोरीचं.

"रंजीतावहिनीनंच तं ठेवलं," तो म्हणाला. "बारशाले आल्या होत्या ना, तुमच्या आईसोबत. तुमाले माहीत नाही?"

"माहीत आहे," मी म्हणालो.