मेल्या, मुडद्या आणि आयचो घो

४ नोव्हेंबर, सोमवार. रात्रीचं जेवण.

आज शमूने मला "मेल्या" म्हटलं. शब्दशः: "मेल्या, वरण वाढ की." वय वर्षं पाच. मी परभणीहून बदलून आलेला, या मालवणी गावचा पोस्टमास्तर, शिवाय तिचा जन्मदाता.

हातातला डाव हातातच राहिला. बायकोला, इंदूला, फक्त हसू आलं. मी तिला विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे? ती म्हणाली, परभणीला तुमच्या आई तुम्हाला अजून "मुडद्या" म्हणतात, तेव्हा तुम्ही दोन पोळ्या जास्त खाता. तिला समजावलं की तो वेगळा विषय आहे. आई मुडद्या म्हणते त्यात माया असते. शिवाय आई माझी आहे. इंदूने वरण वाढलं आणि विषय संपला असं तिला वाटलं.

संपलेला नाही. निश्चय: शब्द कुठून आला ते शोधणे. आठ दिवसांत घराची भाषा स्वच्छ करणे.

५ नोव्हेंबर. सकाळी ७.४०

उगम सापडला. द्वारकाकाकी कुबल. रोज मासळीची पाटी घेऊन येते, आमच्या पायरीवर बसते आणि शाळेची वेळ होईपर्यंत शमू तिच्या मांडीला टेकून बसलेली असते. इंदू हे दोन वर्षं चालू देते आहे.

खिडकीच्या पडद्यामागून वीस मिनिटं ऐकलं. ऐकलेले शब्द: "गो मेले, हात धुतलंस?" "वशाडी पडो तुझ्यार, केसांत काय घातलंस?" "शिरा पडो तुझ्या तोंडार, सगळो बांगडो एकटीनच खाल्लंस!" शमूला दर वाक्याला हसू फुटत होतं. शेवटी म्हातारीने तिच्या गालावरून हात फिरवला. हाताला खवले होते.

मुलगी हसते, म्हणजे विष गोड लागायला लागलं आहे.

७ नोव्हेंबर

ऑफिसात गर्दी नव्हती. नवीन वही काढली. दोन रकाने, लाल आणि हिरवा.

लाल (बंद): मेल्या, मेले, वशाडी पडो, शिरा पडो. तत्त्व: ज्यात मरण, नाश किंवा तोंडावर काही पडणं आहे ते शिवीगाळ.
हिरवा (चालेल): ज्यात यातलं काहीही नाही.

पोस्टमन गुणाजी तारी टपालाच्या थैलीवर बसून चहा पीत होता. त्याला तत्त्व सांगितलं. तो म्हणाला, साहेब, शब्दात नसतं, कोण कोणाला म्हणतं त्यात असतं. अडाणी माणूस. असं असतं तर शब्दकोश कशाला छापले असते?

संध्याकाळी शमूला पायरीची ठेच लागली. अंगठा धरून ती म्हणाली, "आयचो घो!" मी ताबडतोब चौकशी केली. घो म्हणजे नवरा. आयचो घो म्हणजे आईचा नवरा. म्हणजे मी. वेदनेच्या क्षणी पोरीला वडील आठवले. डोळ्यांत पाणी आलं. हिरव्या रकान्यात पहिलाच शब्द तो घातला.

इंदूला दाखवला. तिने वही मिटून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, एकदा कोणाला तरी विचारून घ्या. मी म्हटलं, विचारलंय. घो म्हणजे काय तेच विचारलंय.

९ नोव्हेंबर, शनिवार

द्वारकाकाकीला पत्र लिहिलं. सभ्य पण कडक. "आपण माझ्या अल्पवयीन कन्येस मृत्युवाचक संबोधनांनी संबोधित करणे तात्काळ थांबवावे." सही केली. ऑफिसचा शिक्का मारला नाही, त्याचा गैरवापर नको.

तिला वाचता येत नाही हे लक्षात आलं नव्हतं. गुणाजीने ते बंदरावर मासळीच्या लिलावात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. तिनेच सांगितलं म्हणे, मोठ्याने वाच. "मृत्युवाचक" त्याला तीन वेळा म्हणावं लागलं.

काय म्हणाली ती? गुणाजी म्हणाला, पाटी डोक्यावर घेतली आणि "बरां" म्हणाली.

एक शब्द. माघारच ही.

११ नोव्हेंबर

परिणाम अपेक्षेपेक्षा जास्त. काकी आली. आज पायरीवर बसली नाही, उभ्यानेच पाटी खाली ठेवली. मला म्हणाली, "नमस्कार साहेब." शमू धावत गेली तर तिला म्हणाली, "बाळ, बाजूला उभी राहा. कपडे खराब होतील." स्वच्छ, पुस्तकी मराठी! दोन वर्षांत मला ठाऊक नव्हतं की ती अशी बोलू शकते.

मासे दिले आणि गेली. शमू फाटकापर्यंत मागे गेली. काकीने वळून पाहिलं नाही.

शमू शाळेत जाताना रडली. पोट दुखत असेल.

१२ नोव्हेंबर

संपूर्ण वाडी सुधारते आहे. किराणावाला "या, बसा" म्हणाला. आधी म्हणायचा, "काय रे मेल्या पोस्टमास्तरा, मनिऑर्डर खाल्लंस काय?" बंदरावर मी गेलो की बोलणं थांबतं. हा आदर. गुणाजीसुद्धा मला "आपण" म्हणतो आणि माझ्याबरोबर चहा पीत नाही. पदाचं अंतर राखायला शिकला.

आदराचा एकच तोटा: कोणी काही सांगत नाही. मच्छीमार सोसायटीचं जेवण झालं, मला आज कळलं.

शमू दोन दिवस मासे खात नाही. तिला समजावलं, मेल्या म्हणावंसं वाटलं की त्या जागी हिरव्या रकान्यातलं म्हणायचं. तिने विचारलं, "आयचो घो?" मी म्हटलं, शाब्बास. मात्र मोठ्यांशी बोलताना नुसतं नको, "तुमच्या" लावायचं. नुसतं तुटक वाटतं. तीन वेळा म्हणून घेतलं.

१३ नोव्हेंबर

उद्या शाळेत बालदिन. मुख्याध्यापिका कामतबाईंनी पालकांतून दोन शब्द बोलायला बोलावलंय. विषय मीच सुचवला: "मुलांची भाषा, आपला आरसा." तालुक्याचे शिक्षणाधिकारी पाहुणे. शमू त्यांना फूल देणार.

इंदूला डोकेदुखी. येणार नाही म्हणाली, मग म्हणाली येतेच.

१४ नोव्हेंबर

लिहावंसं वाटत नाही, पण नोंद हवी.

माझं भाषण ठीक झालं. लाल-हिरवा तक्ता फळ्यावर काढला. हिरव्यात आयचो घो लिहिताना मागच्या बाकांवर खोकल्याची साथ आली. मी वाट पाहिली.

मग शमू फूल घेऊन गेली. काट्याचं गुलाबाचं फूल, कोणी निवडलं ते विचारायला हवं. काटा शिक्षणाधिकाऱ्यांच्या बोटाला लागला आणि त्यांनी हात झटकला, तो शमूच्या कपाळावर बसला. शमूने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच धीर दिला. ती त्यांच्याकडे बघून ठणठणीत आवाजात म्हणाली:

"तुमच्या आयचो घो, साहेब."

साहेब मालवणचेच निघाले.

कामतबाईंनी मला नंतर शाळेच्या ऑफिसात बसवलं. चहा दिला नाही. त्यांचं म्हणणं असं: ठेच लागली, जाळं फाटलं, तर "आयचो घो" दगडाला किंवा जाळ्याला म्हणतात, कोणी मनावर घेत नाही. पण समोरच्याला म्हटलं आणि "तुझ्या" लावलं, की त्याच्या आईचा नवरा कोण हा प्रश्न उभा राहतो. तिथे दात पडतात. आणि तुम्ही पोरीला "तुमच्या" लावायला शिकवलंत? आदरार्थी?

मी म्हटलं, व्याकरण...

त्या म्हणाल्या, व्याकरण राहू दे. मेल्या हा शब्द बघा. आजी नातवाला म्हणते, मैत्रीण मैत्रिणीला म्हणते, दर्यावरून माणूस सुखरूप आला की त्याची आई त्याला तेच म्हणते. पोराने बापाला म्हटलं तर उद्धटपणा, तिथे पोरीला सांगायचं, काकीने तुला म्हणायचं, तू मोठ्यांना नाही. एवढंच होतं ते. एका वाक्याचं काम.

मग त्या थांबून म्हणाल्या, "द्वारकेचं कोणाशी खरंच फाटलं ना, की ती त्याला मेल्या म्हणत नाही. साहेब म्हणते."

मत: बाई जरा अतिशयोक्ती करतात.

१५ नोव्हेंबर

रात्री इंदूशी बोललो. म्हणजे ती बोलली. पहिल्या दिवसापासून तुम्हाला सांगत होते, म्हणाली. मी म्हटलं, मग नीट का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुमच्याकडे वही होती.

वही बंद केली. रागाने नव्हे. दोन्ही रकाने भरले होते.

१७ नोव्हेंबर, रविवार

द्वारकाकाकीच्या घरी गेलो. ती अंगणात मासे सुकवत होती. मी दिलगिरीचं छोटंसं भाषण केलं. ऐकून म्हणाली, "काही हरकत नाही साहेब. खुर्ची आणू का?" खुर्ची आणली. बसलो. ती पुन्हा माशांकडे वळली. उठलो.

शमू माझ्या मागून आली होती, मला कळलं नाही. ती फाटकाशी उभी राहिली, आत येईना. काकीने बराच वेळ हातातला मासा उलटापालटा केला. मग मान वर न करता म्हणाली, "गो मेले, इतके दिस खंय होतंस?"

शमू पळत गेली आणि तिच्या ओल्या लुगड्यात तोंड खुपसून रडली. काकी तिच्या पाठीवर थापट्या मारत तिला काय काय म्हणत होती. सगळे शब्द लाल रकान्यातले.

मी तिथेच होतो. काकी मला म्हणाली, "साहेब, आपण उन्हात उभे राहू नका."

२० नोव्हेंबर

शमू पुन्हा मासे खाते. काकी पायरीवर बसते. इंदूलाही आज "मेले, कोथिंबीर खंय ठेवलंस?" ऐकवलं. इंदू दिवसभर गुणगुणत होती.

मला "नमस्कार साहेब". सवय जायला वेळ लागतो. आठवडाभरात ठीक होईल.

२६ नोव्हेंबर

झालेलं नाही. काल बंदरावर मुद्दाम गबाळ्यासारखा गेलो, शर्टाची बटणं वरखाली लावून. सगळ्यांना दिसलं. कोणी काही म्हणालं नाही. एकाने छत्री धरून सावली करून दिली.

२९ नोव्हेंबर. सकाळी ८.१०

पायरी उतरताना माझा पाय काकीच्या पाटीत पडला. मुद्दाम नव्हे. पूर्णपणे मुद्दाम नव्हे. पाटी कलंडली. बांगडे फाटकापर्यंत घरंगळले, दोन गटारात गेले. मांजर आलं.

मनात म्हटलं, आता. आता तरी म्हणणारच. वशाडी, शिरा, मेल्या, जे असेल ते, मान खाली घालून ऐकून घेईन. थांबलो.

द्वारकाकाकी उठली. पदर खोचला. माझ्या पायाकडे पाहिलं आणि शाळेतल्या बाईंसारखं एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, "आपल्याला लागलं तर नाही ना, साहेब?"

मी म्हटलं, नाही.

मग खाली बसलो आणि बांगडे गोळा केले. एकट्याने.