मारबतीचं एक मिनिट आणि मी न मागितलेली माफी

ती. यमुताईस,

मधूचा दुरूनच दंडवत. दुरूनच, कारण जवळ असतो तर पाया पडायच्या आधी तू माझा कान धरला असतास. तुझी तब्येत कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? आम्ही इथे मजेत आहोत (गोपिका म्हणते, तब्येतीचं फार लिहू नका, म्हणून लिहीत नाही). पत्र यासाठी की फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. परवा म्हणालीस, "मधू, गौरांगची माफी माग आणि नूपुरला मोकळं कर," आणि फोन ठेवलास. आता हे पूर्ण वाच. माफी मी मागणार नाही. का नाही, ते खाली आहे.

तुझ्या लेकीनं, म्हणजे नूपुरनं, तिकडे नेदरलँड्सहून मागच्या वर्षी फोन केला, ते तुला माहीत आहे. त्यांच्या मराठी मंडळाला वर्षभराच्या सणांची मालिका करायची होती. गुढीपाडव्यापासून होळीपर्यंत, दर मोठ्या सणाला एक मिनिट, आणि तेही ज्यांना यातलं ओ की ठो माहीत नाही त्यांच्यासाठी: तिकडचे जावई, शेजारी, मुलांचे शाळेतले दोस्त. म्हणाली, "मामा, लिहायचं तूच आणि बोलायचंही तूच." वीज मंडळात बत्तीस वर्षं लोकांच्या तक्रारींना उत्तरं दिलेला माणूस मी. एक मिनिट म्हणजे काय, असं वाटलं. पाडव्याचं लिहून शेजारच्या धम्मदीपला वाचून दाखवलं (हा लग्नाच्या फिल्मा करतो, नूपुरनं कॅमेऱ्याचं काम त्याच्याकडे दिलं होतं). घड्याळात सहा मिनिटं झाली होती आणि मी अजून शालिवाहनातच होतो, काठी उभी व्हायची होती.

धम्मदीपनं मला तेव्हा या धंद्यातलं सगळं समजावलं. एका मिनिटात मराठीचे शंभर-सव्वाशे शब्द मावतात, त्याहून जास्त घातले तर बातम्या वाचल्यासारखं होतं. तेवढ्यात सण केव्हा येतो, कशासाठी असतो, करतात काय, खातात काय, आणि कोणी आपल्याला घरी बोलावलं तर आपण काय करायचं, एवढं सांगायचं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण नवख्या माणसाला पुराण नको असतं, जोडे कुठे काढू हे पाहिजे असतं. पहिल्या तीन सेकंदांत सणाची वस्तू दिसली पाहिजे, माझं तोंड नाही. (मी विचारलं, काहून गा? तो म्हणाला, "काका, तुमचं तोंड पाहून लोक पुढे सरकवतात." माझ्या तोंडावर म्हणाला!) अर्धे लोक आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून अक्षरं मोठी, आणि तीही पडद्याच्या मधोमध, कारण खाली बटणं येतात. आणि तारीख तोंडानं कधीच बोलायची नाही. आपले सण तिथीचे, दरवर्षी पुढेमागे सरकतात, त्यात पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे त्यानंतरचे सगळे आणखी लांबणार. म्हणून "मार्च-एप्रिलमध्ये, चैत्र लागतो त्या दिवशी" इतकंच बोलायचं आणि त्या वर्षीची तारीख खाली टाइप करायची. म्हणजे तीच फिल्म दरवर्षी चालते. एक संक्रांतच सूर्याची, ती बिचारी फार हलत नाही.

खरी पंचाईत वेगळीच. फिल्म सणाच्या आठवडाभर आधी लोकांपुढे यायला हवी, आणि तेव्हा सण कुठे असतो? म्हणून चित्रं मागच्या वर्षीची वापरायची. आमच्या मागच्या वर्षीच्या गुढीमागे गोपिकेचे गाऊन वाळत होते. धम्मदीप म्हणाला, हे नेदरलँड्सले नाही दाखवू शकत. मग भर माघात आम्ही गच्चीवर गुढी उभारली. कडुलिंब झडलेला, साखरेची गाठी सगळ्या इतवारी बाजारात नाही (दुकानदार म्हणाला, होळीनंतर या), म्हणून बत्ताशांची माळ केली. समोरचा धर्मेंद्र खालून ओरडला, "काका, काहून गुढी लावून राहिले? कोणी पास झालं का?" मी म्हटलं, हो, मी झालो. तर त्यानं गल्लीत सांगितलं आणि संध्याकाळी चार जण पेढे मागायला आले. ताई, ती बत्ताशांची गाठी मंडळाच्या समितीतल्या एकाही माणसाच्या लक्षात आली नाही. लक्षात काय आलं? मी एका ठिकाणी "मले" म्हणालो ते!

समितीचा चिटणीस हा गौरांग. मूळचा कुठला ते मी विचारलं नाही, पण बोलतो छापल्यासारखं. त्यानं "मले" काढायला लावलं, मी काढलं. "करून राहिले" काढायला लावलं, तेही काढलं. रामनवमी झाली, नागपंचमी झाली. (दसऱ्याच्या दिवशी धम्मदीप कॅमेरा घेऊन माझ्याकडे येत नाही, तो सगळ्या घराला घेऊन दीक्षाभूमीवर जातो. त्या दिवसाचं मिनिट मी लिहिणं बरोबर नव्हतं. ते त्यानंच मागच्या दसऱ्याला लिहून ठेवलं, त्याच्या लेकीनं, दीप्तीनं वाचलं, आणि सगळ्यांत चांगलं तेच झालं. मी जळलो.) मग पोळ्याची पाळी आली, आणि तिथे मी अडलो.

मी पोळा लिहिला आणि त्याला जोडून दुसऱ्या दिवशीची मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक. चित्रं मागच्या वर्षीचीच होती. ती काढताना धम्मदीप इतवारीतल्या एका भांड्यांच्या दुकानाच्या गॅलरीत उभा होता आणि मी खाली गर्दीत, कारण कोणीतरी जवळून आवाज घ्यायला हवा होता. गर्दीनं मला उचललं. पाय जमिनीला लागत नव्हते, एक चप्पल काळ्या मारबतीबरोबर गेली आणि मी पिवळीबरोबर. रुमालात गुंडाळलेला माइक छातीशी धरून मी दोन चौक तसाच गेलो. त्या ध्वनिमुद्रणात सगळं शहर ओरडतंय आणि मधूनच माझा आवाज येतो, "अरे, माझी चप्पल!" धम्मदीपनं तो तसाच ठेवला.

गौरांगनं मला मीटिंगमध्ये पडद्यावर बोलावलं. म्हणाला, "मामा, मोठा सण म्हणजे जो सगळीकडे होतो तो. मारबत फक्त नागपूरची. आणि बाई जाळताना पाहून नवे लोक घाबरतील."

मी म्हटलं, "गौरांगराव, ती बाई नाही, रोगराई आहे. बांबूची आणि कागदाची. आणि मले एक सांगा, सगळीकडे कोणता सण होते? तुमच्याकडच्या गौरी दोन दिवसांत जेवून जातात, आमच्या महालक्ष्म्या पंगत घातल्याशिवाय हलत नाहीत. नवा माणूस 'सगळीकडे' जेवायले येत नाही. तो कोणाच्या तरी घरी येते. मी त्याले माझ्या घरी बोलावून राहिलो."

नूपुर हळूच म्हणाली, "मामा, राहू दे ना." समितीनं मारबत कापली. पोळ्यालाही अर्धं मिनिटच, कारण तिकडे बैल नाहीत.

ताई, मंडळाच्या पानाचा पासवर्ड माझ्याकडे होता. पोळ्याच्या आठवडाभर आधी मी ते मिनिट चढवलं. अख्खं, माझ्या बोलीत. चोरून नाही, खाली माझं नाव लिहून. ते असं होतं:

"श्रावणातली अमावास्या म्हणजे पोळा, बैलांचा सण. दुसऱ्या दिवशी नागपूरले दोन मोठ्या मारबती निघतात, एक काळी, एक पिवळी. सोबत असतात बडगे. ज्याचा ज्याचा त्रास होऊन राहिला, त्याचा पुतळा. महागाईचा, खड्ड्यायचा. लोक ओरडतात, रोगराई घेऊन जा गे मारबत! मग त्यायले जाळून टाकतात. त्याच दिवशी तान्हा पोळा. लहान पोरं लाकडाचे बैल घेऊन दारोदार येतात. तुमच्या दारी आले तर बैलाले टिळा लावा, पोरायले खाऊ द्या. आणि तुमचा कोणता त्रास जावा वाटते, ते मनात म्हणा."

मंडळानं दोन दिवसांनी ते उतरवलं, पण तोवर पोरांनी पाहिलं होतं. आणि आपल्या योस्तनंही. (ताई, तुझा जावई तो, पण आजवर माझ्याशी "नमस्ते मामा" एवढंच बोलला होता.) त्यानं फोन केला आणि नूपुरला मध्ये घालून विचारलं, पुतळा कसा बांधतात? मी सांगितलं: बांबू नसेल तर पुठ्ठा, आत कागदाचे बोळे. एवढाच माझा गुन्हा! मंडळाच्या मेळाव्यात पोरांनी बडग्या आणला. गळ्यात पाटी होती: "लांब भाषणं". आणि गौरांगचं भाषण तेव्हा चालू होतं. सगळा हॉल हसला. तिकडे जाळायची परवानगी नसते म्हणून पोरांनी मिरवणूक काढून त्याला रद्दीच्या डब्यात घातला. हे शिकवणारा मी, असं समितीनं ठरवलं. मालिका थांबवली. म्हणे, मामा माफी मागतील तेव्हा पुढे.

नाही मागणार! जी पोरं मेळाव्यात कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसायची, त्यांनी पहिल्यांदा आपल्या हातानं एक सण केला. योस्तनं बडग्याचे हात चिकटवले. नूपुर मला रागावली, पण फोटो तिनंच पाठवला, आणि त्या फोटोत ती सगळ्यात मोठ्यानं ओरडताना दिसते. ती माफी मागत नाही, तर मी काहून मागू? तू तिची आई आहेस, मंडळाची नाहीस, हेही लक्षात ठेव.

गोपिकेचा नमस्कार. उत्तर फोननं नको, पत्रानंच दे, म्हणजे तुलाही वाक्यं पुरी करावी लागतील.

तुझा धाकटा,
मधुसूदन

ता. क. मंडळ बसो रुसून. महालक्ष्म्यांचं मिनिट आम्ही आपलं आपण करतो आहोत. चित्रं तयार आहेत, पण तिथे माझा आवाज शोभत नाही. तो तुझा हवा. आणि तुझ्या सासरचं ते चोपून-चापून बोलणं नको. लग्नाआधी बोलत होतीस तसं बोल.

ता. क. पडद्यावर "आवाज: यमुताई" असं धम्मदीपनं टाकूनही झालं आहे. तेव्हा आवाज फोनवर पाठवण्यापेक्षा तू स्वतःच ये. तिकीट काढून पाठवतो.

वन्सं, मी गोपिका. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी लिहिते. माफी यांनी खरंच मागितली नाही, ते खोटं नाही. पण आवाजाचं निमित्त आहे. माझे गुडघे गेले, वन्सं. डॉक्टर म्हणतात, औंदा उभं राहू नका. दोन्ही महालक्ष्म्यांना साड्या नेसवणं, सोळा भाज्या, एवढी पंगत, मले होत नाही. हे म्हणाले, या वर्षी नाही बसवत. म्हणाले, आणि गच्चीवर जाऊन बसले. तुम्हाला विचारायचं तर त्यांच्यानं होत नाही, समितीशी भांडणं तेवढं होते. तुम्ही या वं.